सेलच्या चित्रात सवलतीचा गोल: वस्तूला न लागता बसवायचा कुठे?

सहज_विचारतेय

चौकोनी चित्र आहे, १०८० बाय १०८० पिक्सेल. फिकट राखाडी पार्श्वभूमी, मधोमध बाजूने काढलेला एक बूट. टाच डावीकडे, टोक उजवीकडे. बूट आडवा १२० पासून ९६० पर्यंत आणि उभा ३८० पासून ८६० पर्यंत पसरलाय. घोट्याकडचा भाग उंच आणि लेसवरून टोकाकडे उतार, नेहमीसारखाच.

त्यावर ‘४०% सूट’ लिहिलेला लाल गोल हवा आहे. अट एकच: बुटाला कुठेही लागायला नको, लेसच्या टोकालासुद्धा नाही. वरच्या उजव्या कोपऱ्यात ठेवला की गोल एकीकडे आणि बूट दुसरीकडे, दोघांचा काही संबंध नाही असं दिसतं. जवळ आणला की चिकटल्यासारखा दिसतो. या दोन्हीच्या मधली जागा कशी ठरवायची? नजरेने की मोजून?

कोपरा

वरचा उजवा कोपरा. दुसरा विचारच करू नका. लोकांना तिथेच बघायची सवय असते. कडेपासून ४० पिक्सेल आत, व्यास २००, विषय संपला.

फुटकळ

आयडी बघता दुसरा सल्ला अपेक्षित नव्हता.

पोटमाळा

गोल स्टिकर खोक्यावर लावायचा असेल तर निघणारा गोंद असलेला कागद घ्या. साध्या गोंदाचा लावला की काढताना खोक्याचा छापील थरही सोबत येतो. आणि खोक्याच्या कडेवर लावू नका, घडीवर टोक उचकटतं.

सहज_विचारतेय

@पोटमाळा, खोका नाहीये हो, चित्र आहे. फोटोवर बसवायचा गोल. तरी गोंदाची माहिती लक्षात ठेवते :)

मोजपट्टी

कोपरा यांचं म्हणणं एका बाबतीत बरोबर आहे, पण ती बाब वेगळी. सेल सगळ्याच मालावर असेल आणि चित्रातला बूट फक्त नमुन्यादाखल असेल, तर गोल कोपऱ्यात शोभतो. तिथे तो चौकटीचा भाग वाटतो आणि सूट सगळ्यावर आहे असा अर्थ निघतो. सूट याच बुटावर असेल तर गोल बुटाच्या ओढीत आला पाहिजे.

ओढ कशी ओळखायची? दोन अंतरं बघा: गोलापासून वस्तूपर्यंतचं सर्वांत कमी अंतर आणि गोलापासून चित्राच्या कडेपर्यंतचं सर्वांत कमी अंतर. पहिलं दुसऱ्यापेक्षा बरंच मोठं असलं की डोळा गोलाची जोडी कडेशी लावतो. तुम्हाला जे ‘काही संबंध नाही’ असं वाटतंय ते यामुळेच. दोन्ही साधारण सारखी किंवा पहिलं थोडं कमी असेल तर गोल वस्तूचा वाटतो.

याला खालूनही मर्यादा आहे. अंतर अगदी कमी, म्हणजे १०८० च्या चित्रात १५-२० पिक्सेलच्या आत गेलं, की दोन कडा लागताहेत की नाही हे ठरवण्यातच नजर अडकते. फोनवर तर त्या लागल्यासारख्याच दिसतात. रुंदीच्या ४ टक्के, म्हणजे ४५ च्या आसपास मोकळं ठेवा.

आता तुमचा बूट. टोकाच्या वरची जागा रिकामी आहे, गोल तिथेच जायला हवा. तुम्ही बुटाची चौकट ३८० ते ८६० अशी दिलीत, पण ती आयताची मापं झाली. बूट काही आयत नाही. टोकाचा वरचा काठ साधारण किती उंचीवर आहे आणि लेसचा उतार कुठून कुठे जातो, ते सांगता का?

सहज_विचारतेय

टोकाची वरची कड ६४० वर येते. उतार जवळजवळ सरळ आहे: आडवं ५६०, उभं ४०० या बिंदूपासून आडवं ९००, उभं ६४० पर्यंत. लेसचं टोक त्या रेषेच्या आतच राहतं.

मोजपट्टी

छान, मग मोजूनच बघू.

गोलाचा व्यास २३० धरा, त्रिज्या ११५. उजव्या कडेपासून ६० आत ठेवायचा तर केंद्र आडवं ९०५ वर आलं. पहिला मोह असा होतो की गोल टोकाच्या बरोबर वर, ४५ पिक्सेल सोडून ठेवावा. म्हणजे केंद्र उभं ४८०. टोकापासून अंतर नेमकं ४५, वाटतं जमलं. पण उताराची रेषा विसरलो. (९०५, ४८०) या बिंदूचं त्या रेषेपासून लंब अंतर जवळपास १३४ येतं. त्यातून ११५ गेले, उरले जेमतेम १९. ‘चिकटल्यासारखा’ दिसतो तो टोकाशी नाही, लेसच्या बाजूला. सरळ खाली मोजत राहिलात तर हे अंतर सापडतच नाही.

केंद्र ४० पिक्सेल वर न्या, (९०५, ४४०). आता उतारापासून ५१, टोकापासून ८५, उजव्या कडेपासून ६०. बुटापासूनचं किमान अंतर कडेपेक्षा थोडं कमी, म्हणजे गोल बुटाचाच झाला. कोपऱ्यातल्या जागी, केंद्र उभं १७५ धरून, हेच अंतर २६८ येतं आणि कडेचं ६०. फरक लक्षात येईल.

दरवेळी आकडेमोड करायची गरज नाही. गोलाच्या मागे त्याच केंद्रावर एक मोठा अर्धपारदर्शक गोल काढा, त्रिज्येत ४५ वाढवून. म्हणजे इथे व्यास ३२०. दोन्ही एकत्र बांधा आणि ओढत न्या. बाहेरचा गोल बुटाला लागला नाही, तर आतला सुरक्षित. मग बाहेरचा लपवून टाका. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये जमतं.

फुटकळ

बुटाच्या टोकापुढे लाल गोल. कुणीतरी आता लाथ मारणार असं नाही वाटत?

सहज_विचारतेय

खिक्! आता तेच दिसायला लागलंय.

मोजपट्टी

हसू नका, मुद्दा खरा आहे. गोल टोकाच्या समोर, जमिनीच्या पातळीवर ठेवला तर चेंडूच दिसतो. टोकाच्या वर, घोट्याच्या उंचीला असला तर तसं वाटत नाही. ४४० वर चिंता नाही. मात्र गोलाला खाली गडद, मऊ सावली देऊ नका. बुटाची सावली जमिनीवर पडलीय, गोलालाही तशीच दिली की तोही जमिनीवर ठेवलेली वस्तू होतो आणि चेंडू परत आला! गोल चपटा, एकाच रंगाचा ठेवा.

बुटाची सावली बुटाचाच भाग धरायची, हेही जाता जाता. गोल सावलीवर चढला तरी झाकल्यासारखंच दिसतं.

तिरकस

एवढा खटाटोप कशाला? कोपऱ्यात तिरकी फीत लावा. कडेला चिकटून असते, वस्तूच्या वाटेला जातच नाही. गोलापेक्षा कमी जागा खाते.

मोजपट्टी

कमी खाते हे अर्धंच खरं. हिशोब करू. ४५ अंशातली, ७० पिक्सेल रुंदीची फीत. तिची मधली रेषा कोपऱ्यापासून १६० वर धरली, तर त्या रेषेवर मजकुराला मिळणारी लांबी त्याच्या दुप्पट, म्हणजे ३२०. टोकं तिरकी कापली जातात म्हणून वापरता येतात २४० च्या आसपास. फितीची आतली कड कोपऱ्यापासून १९५ वर येते, आणि चित्राच्या दोन्ही कडांवर ती प्रत्येकी जवळपास २७६ पिक्सेल लांब पोचते.

कोपऱ्यात कडेपासून ४० सोडून २२० व्यासाचा गोल ठेवलात तर तो कडांवर २६० पर्यंतच जातो, पण तिरक्या दिशेने आत ३२२ पर्यंत घुसतो. म्हणजे फीत कडेने लांब पसरते, गोल आत शिरतो. वस्तू कोपऱ्याच्या दिशेने आत फुगत असेल, म्हणजे गोल किटली, बॉल, हेल्मेट, तर फीत जिंकते. वस्तूचं टोक वरच्या कडेजवळून जात असेल, उंच बाटली किंवा उभा दिवा, तर गोल बरा, कारण तो वर-खाली सरकवता येतो. फितीला कोपरा सोडून जागाच नाही.

आणि ती कोपऱ्यातच राहणार म्हणजे ‘एकाच वस्तूवर सूट’ हा अर्थ देणं तिला अवघडच.

तिरकस

हे मान्य. पण ३२२ आणि १९५ मधला फरक तुम्हीच काढून दाखवलात, आमचं काम झालं.

शिरोरेखा

जागा ठरली, आता आत काय लिहिणार? सगळा घोळ इथे होतो आणि मग गोल मोठा करत करत लोक बुटावर नेतात.

२३० चा गोल म्हणजे मजकुराला २३० मिळत नाहीत. कडेपासून आत १२-१२ सोडा, उरला २०६ चा गोल. त्यात १६० रुंद मजकूर बसवला तर उंची १३० च्या आतच मिळते, कारण आयताचा कर्ण २०६ पेक्षा मोठा होऊ शकत नाही. ‘४०%’ एका ओळीत, ‘सूट’ खाली. आकडा ठळक आणि मोठा, टक्क्याचं चिन्ह आकड्याच्या साधारण ६० टक्के. ते पूर्ण आकाराचं ठेवलं की तेच सगळ्यात रुंद अक्षर होतं आणि आकडा बारीक करावा लागतो.

दुसरी अडचण देवनागरीची. फॉन्टमध्ये वेलांटी-मात्रांसाठी वर आणि उकारांसाठी खाली बरीच जागा राखून ठेवलेली असते. ‘मध्यभागी ठेवा’ बटण दाबलं की सॉफ्टवेअर त्या राखीव जागेसकट मध्य काढतं. आकड्याला ना मात्रा ना उकार, ‘सूट’ला मात्र खाली ऊकार, त्यामुळे मजकूर वर किंवा खाली सरकलेला दिसतो. उपाय: अक्षरांचं रूपांतर आकारात करा, म्हणजे बाह्यरेषांमध्ये, आणि मग त्या आकाराचा मध्य गोलाच्या मध्याशी जुळवा. नंतर नजरेने दोन-तीन पिक्सेल इकडे-तिकडे. मूळ मजकुराची प्रत जपून ठेवा, ४० चे ३० करायची वेळ आली तर परत लागेल.

आणि ‘पर्यंत’ हा शब्द. सूट ‘४० टक्क्यांपर्यंत’ असेल तर तो शब्द गोलात वाचता येण्याइतका मोठा बसवा. जागा नसेल तर गोलात आकडाच घालू नका, ‘सेल’ एवढंच लिहा. मुंगीएवढा ‘पर्यंत’ लावून मोठा आकडा दाखवणं ही फसवणूक आहे.

सहज_विचारतेय

याच बुटावर सरळ ४०% आहे, ‘पर्यंत’ नाही. देवनागरी ४० ठेवू की 40?

शिरोरेखा

बाकीच्या चित्रात जे असेल तेच. खाली किंमत एका लिपीत आणि गोलात आकडा दुसऱ्या, असं नको. लहान आकारात मात्र फॉन्ट तपासा, काही देवनागरी फॉन्टमधला ५ आणि ६ लांबून सारखा दिसतो. शून्य फार लहान गोल असलेला फॉन्टही टाळा, ४० चा ‘४.’ होतो.

कोपरा

माझा व्यास २०० चाच राहू द्या, तेवढा पुरतो.

मोजपट्टी

पुरतो की नाही हे १०८० वर बघून कळत नाही. फोनच्या पडद्यावर तीन रकान्यांच्या जाळीत एक चित्र पडद्याच्या एक तृतीयांश रुंदीचं होतं. पडदा ३६० एककं रुंद धरला तर चित्र १२०, म्हणजे २०० चा गोल २२ आणि २३० चा साडेपंचवीस. आतला आकडा मूळ चित्रात ७५ उंच असेल तर तो तिथे आठच्या आसपास उरतो. म्हणून जाळीतही आकडा वाचला जावा असं वाटत असेल तर रुंदीच्या २० ते २२ टक्के व्यास धरा. फक्त उघडलेल्या चित्रात दिसला तरी चालणार असेल तर १७-१८ टक्केही चालतो.

तपासायला सोपं: चित्र संगणकावर १२० पिक्सेल रुंद करून बघा. गोल बुटाला चिकटलेला दिसतोय का आणि आकडा वाचता येतोय का, दोन्ही एकदम कळतं.

मण्यांची_माळ

माझा प्रश्न थोडा वेगळा. वस्तू गळ्यातला हार आहे, वरून फोटो, गोल मांडलेला. बाहेर सगळीकडे मणी कडेपर्यंत जातात, आत भरपूर मोकळी जागा. वर सांगितलेला मोठा गोल आत अगदी व्यवस्थित बसतो, कुठेही लागत नाही. मग आतच ठेवू का?

फुटकळ

ठेवा. सूट पदक म्हणून फुकट.

मोजपट्टी

फुटकळांनी नेमकं तेच पकडलं. हाराच्या आतला गोल पदकच वाटतो. लागत नाही ही अट पाळली जाते, पण बघणाऱ्याला तो मालाचा भाग वाटू शकतो. अंगठी, बांगडी, घड्याळाचा पट्टा, सायकलचं चाक, सगळ्यांची हीच गत. आतली जागा ही वस्तूचीच जागा समजा.

तुमच्या बाबतीत गोल हलवण्यापेक्षा हार हलवा. हार १५ टक्के लहान करा आणि खाली-डावीकडे सरकवा, वर उजवीकडे कोपरा मोकळा होईल. किंवा गोलाऐवजी खाली पूर्ण रुंदीची सरळ पट्टी घ्या. आणि पुढच्या वेळी फोटो काढतानाच एक बाजू रिकामी सोडा.

मण्यांची_माळ

लहान केला तर मण्यांचं काम दिसत नाही. पट्टी बघते.

कंसराव

सगळेजण गोल चित्रातच भाजताय. स्वतःची साइट असेल तर चित्र स्वच्छ ठेवा आणि गोल वरून सीएसएसने लावा. सूट बदलली की चित्र नव्याने काढायला नको. गूगल मर्चंट सेंटरला मालाच्या चित्रावर जाहिरातीचा मजकूर चालत नाही, आणि अॅमेझॉनवर मुख्य चित्राला पूर्ण पांढरी पार्श्वभूमी लागते, वर मजकूर नको. तिथे गोलासकट चित्र दिलंत तर ते नाकारलं जाऊ शकतं. सवलत sale_price या वेगळ्या खान्यात जाते.

```css
.photo { position: relative; container-type: inline-size; }
.badge {
  position: absolute; top: 30cqw; right: 5.5cqw;
  width: 21cqw; aspect-ratio: 1; border-radius: 50%;
  display: grid; place-items: center;
  font-size: 7cqw; pointer-events: none;
  background: #C00000; color: #fff;
}
```

cqw म्हणजे .photo च्या रुंदीचा शंभरावा भाग, त्यामुळे कार्ड लहान-मोठं झालं तरी गोलाचं प्रमाण तेच राहतं. top ला टक्के देऊ नका, ते उंचीवरून मोजले जातात आणि उभ्या चित्रात गोल खाली घसरतो. pointer-events: none नसेल तर गोलावर बोट ठेवलं की बुटाची लिंक उघडत नाही, अशी तक्रार हमखास येते. आणि .photo जर inline-block असेल तर container-type लावल्यावर त्याची रुंदी शून्य होते. त्याला रुंदी द्या नाहीतर block ठेवा.

अजून एक: img ला object-fit: cover असेल तर ब्राउझर चित्र कडेने कापतो, गोल मात्र हलत नाही. मग टोकावर चढलाच म्हणून समजा. contain ठेवा आणि चौकटीचं प्रमाण चित्राइतकंच.

मोजपट्टी

कंसराव, हा मुद्दा महत्त्वाचा. पण एकाच top-right ने पाचशे वस्तूंना चालणार नाही ना? बुटाला जी जागा बरोबर, ती उंच बाटलीला नाही.

कंसराव

नाही चालणार. चार जागा ठरवायच्या, चार क्लास, आणि प्रत्येक चित्रासाठी कुठली मोकळी आहे हे आधी तपासून डेटात लिहून ठेवायचं. पार्श्वभूमी काढलेली पारदर्शक पीएनजी असेल तर तपासणी इमेजमॅजिकने होते. बुटाच्या केंद्रावर मोजपट्टींचा बाहेरचा गोल:

```
magick shoe.png -alpha extract -threshold 10% \
 \( -size 1080x1080 xc:black -fill white \
    -draw "circle 905,440 905,280" \) \
 -compose multiply -composite \
 -format "%[fx:maxima]" info:
```

उत्तर 0 आलं तर त्या गोलात बुटाचा एकही पिक्सेल नाही. 1 आलं तर लागतोय. draw मध्ये आधी केंद्र, मग परिघावरचा एक बिंदू. ४४० मधून २८० गेले १६०, ती त्रिज्या. threshold नसेल तर मऊ सावलीचे अगदी फिके पिक्सेलही धरले जातात. सावलीही मोजायची असेल तर टक्का कमी करा.

पीएनजी १०८० च्या पूर्ण कॅनव्हासवर असली पाहिजे. कडेची रिकामी जागा छाटलेली दिलीत तर सगळे आकडे सरकतात आणि उत्तर खोटं येतं. चूक दाखवत नाही, नुसतं चुकतं.

तिरकस

गोल कशाला, सरळ चौकोन कापून बघा ना आतमध्ये काही आहे का. सोपं पडेल.

कंसराव

सोपं पडेल, पण खोटी घंटा वाजेल. ३२० चा चौकोन (७४५, २८०) पासून सुरू होतो, त्याचा खालचा डावा कोपरा (७४५, ६००) वर. उताराची रेषा आडव्या ७४५ वर उभ्या ५३० च्या आसपास असते, म्हणजे तो कोपरा बुटाच्या आत शिरला. चौकोन म्हणेल ‘लागतोय’, गोल म्हणेल ‘नाही’. गोल आकार निवडण्याचा फायदाच हा आहे की त्याला कोपरे नाहीत, तो उताराच्या खोबणीत जाऊन बसतो. चौकोनाने मोजून तो फायदा घालवता.

रंगारी

कंसराव, तुमचा #C00000 बघून बरं वाटलं. पांढऱ्या अक्षरांसाठी शुद्ध लाल, म्हणजे #FF0000, घेतला तर दोघांतला फरक ४:१ च्या आसपास येतो. सुगम्यतेचे नियम लहान अक्षरांना ४.५:१ मागतात, मोठ्यांना ३:१. कार्डावर २२० पिक्सेल रुंद चित्रात ७cqw म्हणजे १५ पिक्सेलची अक्षरं, ती लहानातच मोजायची. #C00000 वर तोच फरक साडेसहाच्या आसपास. पिवळ्या गोलावर पांढरं तर विसराच, पिवळ्यावर काळं.

चित्रातच भाजणाऱ्यांसाठी: जेपीईजी रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा निम्म्या बारकाईने साठवतं, दोन्ही दिशांनी. बहुतेक ठिकाणी चित्र चढवताना हेच होतं. त्यामुळे भडक लाल आणि दुसऱ्या रंगाच्या सीमेवर घाण पसरल्यासारखी दिसते. बूटही लाल असेल आणि अंतर २० पिक्सेल असेल, तर मधली राखाडी फटसुद्धा गुलाबी होऊ शकते. गडद लाल, अक्षरांच्या रेषा जाड, आणि चित्र १०८० मध्येच बाहेर काढा, म्हणजे पुन्हा आकार बदलताना अजून मऊ होणार नाही.

गोलाभोवती ८ पिक्सेलची पांढरी कड दिली तर पार्श्वभूमीपासून सुटतो. गडद पार्श्वभूमीवर तर हवीच.

मोजपट्टी

पांढरी कड मला पटत नाही. फिकट राखाडीवर ती अर्धवट दिसते आणि गोलाचा आकार नक्की कुठे संपतो तेच कळत नाही. मग अंतर ५१ ठेवलं तरी डोळ्याला ४३ वाटतं.

रंगारी

कडही मोजा की मग. व्यास २३० कडेसकट.

मोजपट्टी

मग अक्षरांना जागा कमी. शिरोरेखाताई रागावतील.

शिरोरेखा

रागावलेच आहे.

भिंगरी

चौकोनी चित्राबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. इन्स्टाग्रामवर प्रोफाइलची जाळी २०२५ पासून ३:४ झाली आहे. १०८० चा चौकोन तिथे दोन्ही बाजूंनी कापला जातो, दिसते फक्त मधली ८१० रुंदी. म्हणजे डावीकडून १३५ ते ९४५. तुमचा गोल ७९० ते १०२० आहे, त्याचा उजवा तिसरा हिस्सा गायब होईल. बुटाची टाच आणि टोकही थोडी छाटली जातील.

शिवाय एकाहून जास्त चित्रांची पोस्ट असेल तर जाळीत वर उजवीकडे बारीक चिन्ह येतं आणि उघडल्यावर त्याच कोपऱ्यात १/५ सारखी गणती. कोपरा यांच्या कोपऱ्यात आधीच गर्दी आहे.

कोपरा

बरं, कोपऱ्याने हात टेकले. पण मोकळ्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर, एकच चित्र, सेल सगळ्यावर: तिथे कोपराच.

मोजपट्टी

तिथे नक्कीच. पहिल्याच प्रतिसादात मी तेच म्हटलं होतं.

भिंगरी यांचा मुद्दा अचूक आहे. उपाय: कॅनव्हास १०८० बाय १३५० करा. बूट आणि गोल जसेच्या तसे, दोन्ही १३५ ने खाली, म्हणजे गोलाचं केंद्र (९०५, ५७५). ३:४ मध्ये कापल्यावर रुंदी १०१२ च्या आसपास उरते, दोन्हीकडून ३४ जातात. गोलाची उजवी कड १०२० वर, दिसणारी हद्द १०४६ पर्यंत. वाचला, आणि टोकही वाचलं. कापल्यानंतर कडेचं अंतर २६ होतं, म्हणजे जाळीत गोल कडेकडे ओढला गेल्यासारखा दिसेल. ते नको असेल तर बूट आणि गोल दोन्ही मिळून ३० डावीकडे सरकवा. बूट ९० ते ९३० होईल, चालण्यासारखं आहे.

स्टोरीसाठी उभं १०८० बाय १९२० करत असाल तर वरचे २५० आणि खालचे ३४० पिक्सेल मोकळे सोडा, तिथे अॅपची स्वतःची बटणं आणि नावं येतात. गोल त्या पट्ट्यात नको.

सहज_विचारतेय

१०८० बाय १३५० केलं. केंद्र (८७५, ५७५), व्यास २३०, #C00000, कड नाही, सावली नाही. बाहेरचा ३२० चा गोल लावून पाहिला, लागत नाही. १२० वर लहान केल्यावर ४० वाचता येतंय, ‘सूट’ मात्र पुसट. संबंध तुटल्यासारखा आता वाटत नाही.

एक शंका राहिली. बुटाच्या घोट्याकडे, डावीकडे वर मागे ओढायची एक पट्टी आहे, ती वर निघालेली. उजवीकडचा गोल आणि ती डावीकडची पट्टी, दोन्हींची उंची जवळपास एक झाली की चित्र समतोल वाटतं, पण गोल बुटाचा भाग असल्यासारखाही वाटतो. थोडा वर घेऊ का?

मोजपट्टी

१५ वर घ्या, ५६०. उतारापासूनचं अंतर ६३ च्या आसपास होईल, चालेल. त्यापेक्षा वर नको, पुन्हा दुरावा येईल.

‘सूट’ पुसट आहे तर जाळीत ती जाऊ दे, आकडा आणि लाल गोल पाहून लोकांना कळतंच.

शिरोरेखा

जाऊ दे कसं? नुसतं ‘४०%’ म्हणजे काय, कापूस ४०%? ‘सूट’ दोन पॉइंट मोठी करा आणि आकडा तितकाच लहान.

तिरकस

फितीवर दोन्ही एका ओळीत बसलं असतं. सांगून ठेवतो.